एक्स्पायरी जवळ येताना डेल्टा कसा सरकतो आणि ॲट-द-मनी ऑप्शन इतका का उसळतो

आमच्या इंदूरमध्ये रविवारी सकाळी एक लहानसा अभ्यासगट जमतो. त्यात नोकरी किंवा दुकान सांभाळून बाजार शिकू पाहणारी मंडळी असतात आणि ऑप्शनविषयी त्यांचा सर्वाधिक वेळा येणारा प्रश्न साधारण असा असतो : "बुधवारी निफ्टी पन्नास अंकांनी वर गेला, तेव्हा माझा कॉल जेमतेम पंचवीस रुपयांनी वाढला. मंगळवारी दुपारी निफ्टी तेवढाच वर गेला आणि कॉल एकदम दुप्पट झाला, मग निफ्टी परत खाली आला तसा तोही कोसळला. हे काय गौडबंगाल आहे?" यात गौडबंगाल काहीच नाही. डेल्टा वेळेनुसार कसा बदलतो हे एकदा आकड्यांनिशी पाहिले की या उसळीचा अंदाज आदल्या दिवशीही बांधता येतो. कॉल, पुट, स्ट्राइक आणि प्रीमियम म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, परंतु डेल्टा हा ज्यांच्यासाठी अजून ॲपवरील एक आकडाच आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

संपूर्ण लेखात एकच उदाहरण चालवू. निफ्टी २५,००० वर आहे आणि आपण साप्ताहिक ऑप्शनचा विचार करीत आहोत. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारी असते. त्यामुळे मध्ये सुट्टी नसेल तर बुधवारी सकाळी आपल्या हाती पाच दिवसांचे व्यवहार असतात आणि मंगळवारी सकाळी एकाच दिवसाचे.

पहिली पायरी : डेल्टा नेमके काय सांगतो

निर्देशांक एका अंकाने हलला तर प्रीमियम किती रुपयांनी हलेल, हे डेल्टा सांगतो. कॉलचा डेल्टा ०.५० असेल तर निफ्टी एक अंक वाढल्यावर कॉल सुमारे पन्नास पैशांनी वाढतो. पुटचा डेल्टा ऋण असतो, कारण निर्देशांक वाढला की पुट स्वस्त होतो. एकाच स्ट्राइकच्या कॉलचा आणि पुटचा डेल्टा चिन्ह सोडून मिळवला, तर साप्ताहिक ऑप्शनमध्ये बेरीज जवळजवळ एक येते.

डेल्टाकडे आणखी एका नजरेने पाहता येते आणि पुढचे सगळे समजण्यासाठी तीच नजर उपयोगी पडते. ऑप्शन एक्स्पायरीला पैशात राहण्याची, म्हणजे कॉलच्या बाबतीत निफ्टी स्ट्राइकच्या वर संपण्याची, जी ढोबळ शक्यता असते, तिच्या अगदी जवळ डेल्टा असतो. निफ्टी २५,००० वर आहे आणि स्ट्राइकही २५,००० आहे. वर संपेल की खाली, हे कुणालाच माहीत नाही, म्हणून डेल्टा ०.५०. ही शक्यता दोन गोष्टींवर ठरते. निफ्टी स्ट्राइकपासून किती दूर आहे ही पहिली गोष्ट, आणि एक्स्पायरीपर्यंतच्या उरलेल्या वेळात तो साधारण किती हलू शकतो ही दुसरी. अंतर तेच राहिले आणि हलण्याची शक्ती आटत गेली, तर शक्यता बदलते. डेल्टा सरकतो तो एवढ्याचमुळे.

दुसरी पायरी : उरलेली चाल काढणे

या हलण्याच्या शक्तीला मी उरलेली चाल म्हणतो. ती काढण्यासाठी सूत्रे पाठ करण्याची गरज नाही, कारण बाजार तिचा भाव रोज पडद्यावर मांडत असतो. ऑप्शन चेनमध्ये ज्या स्ट्राइकचा कॉल आणि पुट जवळजवळ एकाच भावाला आहेत तो स्ट्राइक शोधावा, दोन्हींच्या प्रीमियमची बेरीज करावी आणि तिला १.२५ ने गुणावे. जो आकडा येईल ती उरलेली चाल. अशा जोडीला स्ट्रॅडल म्हणतात.

बुधवारी सकाळी २५,००० चा कॉल १७० आणि पुट १७० असेल, तर बेरीज ३४० आणि उरलेली चाल ४२५ अंक. मंगळवारी सकाळी कॉल आणि पुट प्रत्येकी ७६ च्या आसपास असतील, तर उरलेली चाल १९० अंक. मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी दोन्ही मिळून ६१ उरले असतील, तर ती केवळ ७६ अंक. हे आकडे मी काल्पनिक घेतले आहेत, परंतु वर्षाला सुमारे १२ टक्के अस्थिरता धरली तर हिशोब असाच बसतो.

येथे एक गोष्ट नवोदितांना खटकते. पाच दिवसांची चाल ४२५, तर एका दिवसाची तिच्या पाचव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८५, का नाही? कारण बाजार पाचही दिवस एकाच दिशेने चालत नाही. वरच्या आणि खालच्या हालचाली एकमेकींना बऱ्याच अंशी खोडून काढतात, म्हणून चाल वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. वेळ चौपट झाला तर चाल फक्त दुप्पट होते. उलट दिशेने पाहिले तर याचा अर्थ असा, की आठवड्याच्या आरंभी वेळ सरतो तेव्हा चाल सावकाश आटते आणि शेवटच्या काही तासांत ती घसरत जाते. बुधवारचा एक तास गेला तर ४२५ मधून सात-आठ अंक कमी होतात. मंगळवारी दुपारचा एक तास गेला तर उरलेल्या चालीचा मोठा लचका तुटतो.

कित्येक जण या कामासाठी इंडिया व्हिक्स या अस्थिरतेच्या निर्देशांकाला १६ ने भागून रोजच्या हालचालीची टक्केवारी काढतात. ढोबळ अंदाजासाठी ते ठीक आहे, परंतु तो निर्देशांक पुढील ३० दिवसांच्या अपेक्षेवर बेतलेला असतो आणि एक्स्पायरीच्या दुपारी त्या ३० दिवसांशी आपला काही संबंध उरलेला नसतो. म्हणून मी स्ट्रॅडलच पाहण्याचा आग्रह धरतो.

तिसरी पायरी : अंतर भागिले उरलेली चाल

निफ्टी आणि स्ट्राइक यांमधील अंतराला उरलेल्या चालीने भागावे. जे गुणोत्तर येईल त्यावरून डेल्टा असा वाचावा :

| गुणोत्तर | पैशात असलेल्या बाजूचा डेल्टा | पैशाबाहेरील बाजूचा डेल्टा |
|---|---|---|
| ० | ०.५० | ०.५० |
| ०.२५ | ०.६० | ०.४० |
| ०.५ | ०.६९ | ०.३१ |
| १ | ०.८४ | ०.१६ |
| १.५ | ०.९३ | ०.०७ |
| २ | ०.९८ | ०.०२ |

एवढा तक्ता कागदावर लिहून ठेवला की ॲपशिवायही डेल्टाचा पुरेसा चांगला अंदाज येतो. २५,२०० चा कॉल घेऊ. निफ्टी २५,००० वर आहे, म्हणजे अंतर २०० अंकांचे. बुधवारी उरलेली चाल ४२५ असल्याने गुणोत्तर अर्ध्याच्या थोडे खाली येते आणि डेल्टा ०.३२ च्या आसपास असतो. मंगळवारी सकाळी निफ्टी तेथेच असेल तर गुणोत्तर एकाच्या किंचित वर जाते आणि डेल्टा ०.१५ पर्यंत उतरतो. दोन वाजून दहा मिनिटांनी गुणोत्तर अडीचच्या पुढे गेलेले असते आणि डेल्टा जवळजवळ शून्य होतो. निफ्टी जागचा हललेला नाही, तरी या कॉलने निफ्टीच्या हालचालीला प्रतिसाद देणे सोडून दिले आहे. ज्यांनी बुधवारी असा दूरचा कॉल घेतला आणि मंगळवारी दुपारी निफ्टी चाळीस अंक वाढूनही प्रीमियम हलत नाही असे पाहिले, त्यांना हेच दिसलेले असते.

पैशात असलेल्या २४,८०० च्या कॉलचे याच्या अगदी उलट होते. त्याचा डेल्टा ०.६८ वरून ०.८५ आणि पुढे एकाच्या निकट जातो. तो आता फ्युचरसारखाच अंकाला रुपया हलतो.

दोन्ही बाजूंचे ऑप्शन असे आपापला निकाल लागल्यासारखे स्थिर होतात आणि मधला २५,००० चा कॉल मात्र बुधवारीही ०.५० वर होता, मंगळवारी दुपारीही ०.५० वरच आहे. वरवर पाहता सर्वांत शांत तोच दिसतो. प्रत्यक्षात सगळी अनिश्चितता त्याच्याच पोटात साठलेली असते, आणि ती पाहण्यासाठी निफ्टीला थोडे हलवून पाहावे लागते.

चौथी पायरी : पन्नास अंक वर, पन्नास अंक खाली

कोणताही ॲट-द-मनी, म्हणजे निफ्टीच्या चालू भावाजवळच्या स्ट्राइकचा, ऑप्शन घेण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : निफ्टी आत्ता, याच क्षणी, पन्नास अंक वर गेला तर डेल्टा किती होईल, आणि पन्नास अंक खाली आला तर किती?

बुधवारी पन्नासला ४२५ ने भागले तर ०.१२ येते. डेल्टा ०.५० वरून ०.५५ वर जातो, इतकेच. कॉल १७० वरून १९६ होतो. निफ्टी पन्नास खाली गेला तर १४६ होतो.

मंगळवारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्याच पन्नासला ७६ ने भागावे लागते. गुणोत्तर ०.६६ येते आणि डेल्टा ०.५० वरून एकदम ०.७५ च्या जवळ जातो. कॉल ३० वरून ६२ होतो. निफ्टी पन्नास खाली गेला तर डेल्टा ०.२५ वर येतो आणि कॉल १२ रुपयांचा उरतो.

रुपयांत पाहिले तर वाढ २६ ऐवजी ३२ आहे, फरक प्रचंड नाही. परंतु बुधवारी ही वाढ भांडवलाच्या १५ टक्के होती आणि मंगळवारी ती शंभर टक्क्यांहून अधिक आहे, कारण प्रीमियम स्वतःच आटून ३० वर आला आहे. आमच्या गटातील प्रश्नाचे उत्तर येथपर्यंत निम्मे मिळते. उरलेले निम्मे डेल्टाच्या बदलाच्या वेगात आहे. निर्देशांक एका अंकाने हलल्यावर डेल्टा किती बदलतो, या मापाला गॅमा म्हणतात. ॲट-द-मनी ऑप्शनसाठी तो सुमारे ०.४ भागिले उरलेली चाल इतका असतो. बुधवारी दहा अंकांच्या हालचालीने डेल्टा जेमतेम ०.०१ ने बदलतो, तर मंगळवारी दुपारी तेवढ्याच हालचालीने ०.०५ ने. भागाकारात खाली असलेला आकडा आटतो म्हणून गॅमा फुगतो. यामागे दुसरे कुठलेही कारण शोधण्याची गरज नाही.

होळकर स्टेडियमवरील एखाद्या एकदिवसीय सामन्याचा विचार करावा. धावांचा पाठलाग करणारा संघ दहाव्या षटकात अपेक्षित गतीपेक्षा सहा धावांनी मागे असेल तर त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेत फारसा फरक पडत नाही, कारण भरपूर चेंडू उरलेले असतात. शेवटच्या षटकात त्याच सहा धावा, म्हणजे एकच षटकार, सामना इकडचा तिकडे करतो. पन्नास अंकांचे मूल्यही असेच उरलेल्या चालीच्या तुलनेत ठरते.

पाचवी पायरी : विकणाऱ्याच्या बाजूने हिशोब

एक्स्पायरीच्या दुपारी निफ्टी शांत दिसतो, प्रीमियम झपाट्याने वितळत असतो, आणि मग स्ट्रॅडल विकून उरलेले पैसे गोळा करावे असा मोह होतो. वितळण्याचा वेग खराच मोठा असतो. निफ्टी २५,००० वर स्थिर राहिला तर ३० रुपयांचा कॉल पावणेतीनच्या थोडे आधी २१ वर आणि तीन वाजता १२ च्या आसपास येतो. हा लाभ फुकटचा नसतो, आणि तो कशाच्या बदल्यात मिळतो ते पुढील हिशोबातून दिसेल.

दोन वाजून दहा मिनिटांनी २५,००० चा स्ट्रॅडल ६१ ला विकला. त्या वेळी एकूण डेल्टा शून्य आहे, म्हणजे विकणारा कुठल्याच बाजूला झुकलेला नाही. निफ्टी झटकन पन्नास अंक वर गेला. कॉल ६२, पुट १२, बेरीज ७४. तोटा १३ रुपये. लॉट ६५ युनिटचा धरला, जरी लॉटचा आकार वेळोवेळी बदलत असला, तर सुमारे ८४५ रुपये. हे सोसवते. परंतु आता विकणाऱ्याचा डेल्टा शून्य राहिलेला नाही, तो उणे अर्धा झाला आहे. म्हणजे नकळत त्याने अर्धा लॉट फ्युचर विकल्यासारखे झाले आहे. निफ्टी आणखी पन्नास अंक चढला तर बेरीज १०७ वर जाते आणि तोटा ४६ रुपये, म्हणजे लॉटमागे सुमारे ३,००० होतो. पहिल्या पन्नास अंकांनी १३ रुपये नेले, दुसऱ्या पन्नास अंकांनी ३३. बुधवारी हाच स्ट्रॅडल विकला असता तर शंभर अंकांच्या अशाच झटक्यात एकूण नऊ-दहा रुपयेच गेले असते.

फ्युचरने तोल सांभाळू म्हणावे तर तिथेही अडचण आहे. समजा दोन लॉट स्ट्रॅडल विकले आहेत आणि निफ्टी पन्नास अंक चढल्यावर डेल्टा शून्यावर आणण्यासाठी एक लॉट फ्युचर घेतला. निफ्टी परत २५,००० वर उतरला, डेल्टा पुन्हा शून्य झाला, म्हणून फ्युचर विकला. या एका हेलकाव्यात ५० गुणिले ६५ म्हणजे ३,२५० रुपये गेले, जे दोन्ही स्ट्रॅडलमधून जमा झालेल्या सुमारे ७,९३० रुपयांच्या चाळीस टक्क्यांहून अधिक आहेत. असा दुसरा हेलकावा आला तर वितळणाऱ्या प्रीमियममधील जवळजवळ काहीच हाती राहत नाही. फ्युचर न घ्यावा तर निफ्टी सरळ शंभर अंक निघून जाण्याची भीती असते. ऑप्शन विकणाऱ्याला वेळेचे पैसे मिळतात ते या दोन भीतींचे मोल म्हणूनच. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर दोन टक्के अधिकचे मार्जिन लावले, त्याला याच दिवसाची वाढलेली जोखीम कारणीभूत आहे. कालपर्यंत पुरत असलेले मार्जिन मंगळवारी अपुरे ठरू शकते, हे विकणाऱ्याने आधीच हिशोबात धरावे.

सहावी पायरी : तीन वाजल्यानंतरचा वेगळा खेळ

पुस्तकी आलेखात गॅमा शेवटच्या क्षणापर्यंत वाढत जातो आणि साडेतीनला आकाशाला भिडतो. निफ्टीच्या बाबतीत तसे घडत नाही. निफ्टीच्या ऑप्शनचा अंतिम हिशोब साडेतीनला पडद्यावर दिसणाऱ्या शेवटच्या आकड्यावर होत नाही. तो निर्देशांकाच्या बंद भावावर होतो, आणि हा बंद भाव घटक शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातील भारित सरासरी भावांवरून काढला जातो. म्हणजे तीन वाजल्यापासून निकाल थोडाथोडा लिहिला जाऊ लागतो आणि जो भाग लिहून झाला तो नंतरच्या उसळीने पुसता येत नाही. हा नियम बाजाराच्या परिपत्रकात असतो आणि नियम बदलतात, म्हणून व्यवहारापूर्वी चालू परिपत्रक पाहण्याची सवय लावून घ्यावी.

याचे दोन परिणाम आहेत. पहिला असा की सरासरीची अनिश्चितता एका भावाच्या अनिश्चिततेपेक्षा कमी असते. अर्ध्या तासाची सरासरी ही हलण्याच्या दृष्टीने सुमारे दहा मिनिटांच्या हालचालीइतकीच असते. म्हणूनच वरच्या उदाहरणात मी दोन वाजून दहा मिनिटे ही वेळ निवडली : तीन वाजेपर्यंतची पन्नास मिनिटे आणि सरासरीची दहा, मिळून बरोबर एक तास. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. तीन वाजल्यानंतर निफ्टीच्या ताज्या भावाचे वजन दर मिनिटाला घटत जाते. सव्वातीन वाजता अर्धी सरासरी ठरून गेलेली असते, त्यामुळे निफ्टी वीस अंक वर जाऊन तिथेच टिकला तरी अंतिम भाव दहाच अंकांनी वाढतो. पैशात खोलवर असलेल्या कॉलचा डेल्टासुद्धा त्या वेळी ०.५० च्या वर जाऊ शकत नाही. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी ही मर्यादा एक षष्ठांशावर येते. अंकामागे रुपयांत मोजला जाणारा गॅमा म्हणून तीनच्या सुमारास शिखरावर असतो आणि पुढे उतरतो. टक्केवारीत मात्र उसळ्या मोठ्याच दिसत राहतात, कारण प्रीमियम स्वतःच काही रुपयांचा उरलेला असतो.

आमच्या गटातील एका तरुणाला यामुळेच कोडे पडले होते. तीन वाजून वीस मिनिटांनी निफ्टी २५,०१० वर होता आणि २५,००० चा कॉल जवळपास एका रुपयाला मिळत होता. दहा रुपयांची वस्तू रुपयाला मिळते आहे असे वाटून त्याने ती घेतली आणि कॉल शून्यावर संपला. हिशोब असा होता : पहिल्या वीस मिनिटांची सरासरी २४,९८५ होती. उरलेली दहा मिनिटे निफ्टी २५,०१० वरच राहिला तर अंतिम भाव २४,९९३ च्या आसपास येतो. तो २५,००० च्या वर जाण्यासाठी उरलेल्या दहा मिनिटांची सरासरी २५,०३० पेक्षा अधिक यावी लागली असती, म्हणजे निफ्टीला ताबडतोब वीस अंक वर जाऊन तिथेच ठाण मांडावे लागले असते. बाजाराने त्या शक्यतेची जी किंमत लावली होती, ती चुकीची नव्हती.

हे टाळण्यासाठी फार काही करावे लागत नाही. तीन वाजल्यापासून निफ्टीचा एक मिनिटाचा आलेख उघडावा, प्रत्येक मिनिटाचा बंद भाव कागदावर किंवा स्प्रेडशीटमध्ये लिहीत जावा आणि त्याची सरासरी पाहत राहावी. खरी सरासरी घटक शेअरांच्या व्यवहारांच्या प्रमाणात भारित असल्याने दोन-तीन अंकांचा फरक पडू शकतो, म्हणून स्ट्राइकच्या इतक्या जवळ निकाल असेल तेव्हा आपल्या सरासरीवर विसंबून सौदा धरू नये.

सातवी पायरी : पडद्यावरील डेल्टा तपासणे

ॲपवर दिसणारा डेल्टा हा मोजलेला नसतो, काढलेला असतो. त्यामागे उरलेल्या वेळेचे एक गृहीतक असते. काही ठिकाणी वेळ पूर्ण दिवसांत धरला जातो आणि मग मंगळवारी दुपारी दोन वाजताही सकाळचाच डेल्टा दिसत राहतो. तीन वाजल्यानंतरच्या सरासरीचा विचारही बहुतेकदा त्यात नसतो. आकडा संशयास्पद आहे हे ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. तीन वाजण्यापूर्वी एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटच्या डेल्टांची चिन्ह सोडून बेरीज एकाच्या आसपास येत नसेल, तर हिशोबात खोट आहे. आणि निफ्टी हलूनही डेल्टा हलत नसेल, तर तो शिळा आहे.

अशा वेळी डेल्टा प्रत्यक्ष भावांवरून काढावा. निफ्टी २५,०२० वर असताना कॉलचा भाव लिहावा, तो २५,०३० वर गेल्यावर पुन्हा लिहावा. कॉल ४१ वरून ४७ झाला असेल तर दहा अंकांत सहा रुपये, म्हणजे डेल्टा ०.६०. दोन्ही नोंदी एक-दोन मिनिटांच्या आतल्या असाव्यात, नाहीतर मधल्या काळात वितळलेला प्रीमियम या आकड्यात मिसळतो. आणि भाव शेवटच्या व्यवहाराचा न घेता खरेदीच्या व विक्रीच्या भावांचा मध्य घ्यावा.

उरलेल्या चालीच्या या पद्धतीला मर्यादाही आहेत. ती हालचाल दोन्ही बाजूंना सारखी धरते, तर प्रत्यक्षात निफ्टीच्या दूरच्या पुटांचे भाव बहुधा त्याच अंतरावरील कॉलपेक्षा चढे असतात, त्यामुळे तक्ता स्ट्राइकच्या जवळ जितका बरोबर येतो तितका दूर येत नाही. मोठी बातमी अपेक्षित असेल, उदाहरणार्थ रिझर्व्ह बँकेचे पतधोरण, तर चाल वेळेच्या वर्गमुळाने न आटता त्या घोषणेपर्यंत टिकून राहते आणि घोषणा झाल्याबरोबर कोसळते. म्हणून स्ट्रॅडलचा भाव दर तासाला नव्याने पाहावा, सकाळचा आकडा दिवसभर वापरू नये. बुधवारसारख्या दिवशी निफ्टीचा चालू भाव आणि कॉल-पुट समान भावाला असलेला स्ट्राइक यांत पाच-पंचवीस अंकांचा फरक दिसू शकतो, कारण ऑप्शनचे भाव फ्युचरच्या बाजूने झुकलेले असतात. अंतर मोजताना तो समान भावाचा बिंदू धरावा.

शेअरवरील ऑप्शनमध्ये डेल्टा असाच सरकतो, परंतु एक्स्पायरीला निकाल रोखीत न होता शेअरांच्या प्रत्यक्ष देवाणघेवाणीने होतो. ज्या शेअरचा भाव स्ट्राइकपासून दोन-तीन रुपयांवर घुटमळत आहे, त्याचा विकलेला ऑप्शन शेवटपर्यंत धरला तर संध्याकाळी आपल्या माथी पूर्ण लॉटचे शेअर घेण्याची किंवा देण्याची जबाबदारी आहे की काहीच नाही, हे बंद भाव येईपर्यंत कळत नाही. त्यासाठी लागणारी पूर्ण रक्कम किंवा शेअर हाताशी नसतील, तर असा सौदा तीनच्या आधी मिटवून टाकावा.